दीड जीबी दुपारीच संपतो तेव्हा

लोकांचे फोन सावरून देण्याच्या कामात एक प्रश्न दिवसाआड येतो. सोबत एक स्क्रीनशॉट असतो आणि खाली एक ओळ: ‘बघा ना, डेटा कोण खातंय?’ स्क्रीनशॉटमध्ये ॲप्सची उतरती यादी, प्रत्येकापुढे एक आडवी पट्टी आणि जीबीतला आकडा. सगळ्यात वर बहुतेक वेळा यूट्यूब, नाहीतर इन्स्टाग्राम. पाठवणाऱ्याने गुन्हेगार मनाशी ठरवलेलाच असतो, त्याला फक्त आपली सही हवी असते. आणि ती सही करायला हात सहसा धजत नाही. यादीत सगळ्यात वर असलेलं ॲप आणि दुपारी चार वाजता डेटा संपवणारं ॲप ही पुष्कळदा दोन वेगळी ॲप्स असतात, असं माझं या कामातून बनलेलं मत आहे. फोन डेटा मोजतो महिन्याच्या हिशेबाने आणि आपण तो विकत घेतो दिवसाच्या हिशेबाने. ही फट लक्षात न घेता मर्यादा लावली की ती भलत्याच ॲपवर बसते, आणि डेटा तरीही चारलाच संपतो.

आपल्याकडची बहुतेक प्रीपेड रिचार्ज रोजच्या कोट्याची असतात. रोज दीड जीबी किंवा दोन जीबी, मुदत 28, 56 किंवा 84 दिवस. रात्री बारा वाजता नवा कोटा मिळतो, आदल्या दिवशीचा उरलेला बुडतो. कोटा संपला की इंटरनेट बंद पडत नाही, पण वेग बहुधा 64 केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला जेमतेम आठ केबी. एक एमबीचा फोटो उघडायला दोन मिनिटं. ‘नेट आहे पण चालत नाही’ अशी तक्रार संध्याकाळी आली, की आधी कोटा संपलाय का ते बघावं, कव्हरेजचा विचार नंतर. याउलट अँड्रॉइडमधलं डेटाचं पान महिन्याच्या बिलाचा विचार करून बांधलेलं आहे. त्याला एक चक्र असतं, ते महिन्याच्या एका ठरावीक तारखेला सुरू होतं आणि पुढच्या महिन्यात त्याच तारखेला संपतं. त्यात 28 दिवस बसत नाहीत, आणि रोजचा दीड जीबी तर नाहीच नाही. पुष्कळ फोनमध्ये ‘डेटा वापर जास्त होतोय’ हा इशारा आपण हात न लावता दोन जीबीवर लावलेला असतो, तोही अख्ख्या महिन्यासाठी. आपल्याकडे तो दुसऱ्या दिवशीच वाजतो आणि लोक डास झटकावा तसा झटकून टाकतात. एका अर्थी बरोबरच करतात.

म्हणून स्क्रीनशॉट वाचायला सुरुवात यादीच्या डोक्यावरून करायची. नेमका तोच भाग लोक कापून पाठवतात. वरच्या दोन ओळींत तीन गोष्टी असतात. पहिली, हे मोबाइल डेटाचं पान आहे की वाय-फायचं. दोन्ही पानं दिसायला सारखी असतात, आणि वाय-फायवर यूट्यूबने साठ जीबी घेतले तर त्याचा रिचार्जशी काही संबंध नाही. दुसरी, सिम कोणतं. दोन सिमच्या फोनमध्ये प्रत्येक सिमचं पान वेगळं असतं. तिसरी, तारखा. ‘1 ते 30’ आहे, की चक्र परवाच सुरू झालंय? तीन दिवसांतले चार जीबी आणि तीस दिवसांतले चार जीबी यांत दहापट फरक आहे आणि पट्टी दोन्हीकडे सारखीच लांब दिसते. आयफोनची तऱ्हा आणखी निराळी. तिथे ‘Current Period’ असं लिहिलेलं असतं, पण तो काळ आपणहून संपत नाही. आपण स्वतः शून्यावर आणेपर्यंत बेरीज चढत राहते. पानाच्या अगदी तळाशी ‘Last Reset’ची तारीख असते आणि ती कधी कधी फोन घेतला त्या वर्षाची निघते. असा स्क्रीनशॉट बघून काहीही सांगणं म्हणजे मुलाच्या जन्मापासूनच्या दुधाची बेरीज करून आज तो किती प्यायला ते सांगणं.

आता एक स्क्रीनशॉट घेऊ. नमुन्यासाठी रचलेला आहे, पण आकडे नेहमी दिसतात त्या प्रमाणातलेच आहेत. अँड्रॉइड फोन, एकच सिम, चक्र 1 ते 30 तारीख, रोजचा कोटा दीड जीबी. एकूण वापर 39.6 जीबी. यूट्यूब 15.2, इन्स्टाग्राम 10.4, व्हॉट्सॲप 4.1, ‘Hotspot & tethering’ 3.3, क्रोम 2.6, गूगल फोटोज 1.9, प्ले स्टोअर 1.2, आणि बाकी किरकोळ मिळून 0.9. तक्रार अशी की महिन्यातून सात-आठ दिवस डेटा दुपारीच संपतो. पहिला गुणाकार इथेच करावा. दीड जीबी गुणिले तीस दिवस म्हणजे 45 जीबी. वापर 39.6. महिन्याच्या हिशेबाने पाच जीबीहून जास्त डेटा वापरलाच गेला नाही! दिवसाची सरासरी 1.32 जीबी, म्हणजे कोट्याच्या आत. तेव्हा हा माणूस एकूण जास्त डेटा वापरत नाही, काही दिवशी जास्त वापरतो. अडचण बेरजेत नाही, वाटणीत आहे. यूट्यूबचे 15.2 जीबी तीस दिवसांवर पसरले तर रोज अर्धा जीबी होतो, तासभरसुद्धा व्हिडिओ नाही. रोज अर्धा जीबी घेणारं ॲप सात-आठ दिवसच घात करणार नाही. करायचा तर तीसही दिवस करेल. बिघडलेले दिवस शोधायचे तर बघावं लागतं ते क्वचित पण एकदम खाणाऱ्या ॲपकडे, आणि ते यादीत खाली, पाचव्या-सहाव्या नंबरला दबलेलं असतं.

ते पकडायची रीत साधी वजाबाकी आहे. काही कंपन्यांच्या फोनमध्ये रोजचा वापर वेगळा दिसतो, तिथे काम सोपं आहे. ज्यात फक्त महिन्याची बेरीज दिसते, त्यात रात्री बाराच्या सुमाराला एक स्क्रीनशॉट घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी दुसरा. सिम तेच, चक्र तेच. मग शेजारी ठेवून वजा करायचं. आपल्या नमुन्यात समजा 14 तारखेच्या रात्री यूट्यूब 6.9, इन्स्टाग्राम 4.6, व्हॉट्सॲप 1.8, फोटोज 0.2 आणि प्ले स्टोअर 0.4 होतं. 15 तारखेच्या रात्री तेच आकडे 7.2, 4.7, 1.9, 1.0 आणि 0.6 झाले. बाकीच्यांत फरक नाही. वजाबाकी अशी येते: यूट्यूब 0.3, इन्स्टाग्राम 0.1, व्हॉट्सॲप 0.1, प्ले स्टोअर 0.2 आणि गूगल फोटोज 0.8. बेरीज बरोबर दीड. महिन्याच्या यादीत सहाव्या नंबरला असलेल्या ॲपने त्या दिवशी निम्म्याहून जास्त कोटा गिळला. यूट्यूबला त्या दिवशी रोजच्यापेक्षा कमीच मिळालं, कारण त्याच्या वाटणीचं शिल्लकच नव्हतं. यूट्यूब बंद करून हा दिवस वाचला नसता.

कारणही त्याच पानावर सापडतं. यादीतल्या ॲपच्या नावावर बोट ठेवलं की आतल्या पानावर आकडा दोन भागांत फुटतो, समोर उघडं असताना वापरलेला आणि मागे चालताना वापरलेला. यूट्यूबचा जवळपास सगळा पहिल्या भागात असतो, कारण आपण तो डोळ्यांनी बघितलेला असतो. फोटोजचा जवळपास सगळा दुसऱ्या भागात. घरात लग्न किंवा बारसं झालं, फोनवर पंधरा-वीस व्हिडिओ काढले आणि फोटोजमध्ये बॅकअपसाठी मोबाइल डेटा चालू राहिला, की खिशातला फोन ते सगळं वर चढवत बसतो. मूळ दर्जातलं एका मिनिटाचं फुल एचडी चित्रीकरण सहज शंभर एमबीच्या आसपास जातं. आणखी एक पुरावा लोकांच्या हातात असतो, पण त्याकडे कोणी बघत नाही. कंपनीकडून येणारे एसएमएस. निम्मा कोटा संपला, नव्वद टक्के संपला, सगळा संपला, असे निरोप येतात आणि प्रत्येकावर वेळ असते. सकाळी दहाला पन्नास टक्के आणि पावणेअकराला नव्वद टक्के, असं असेल तर त्या पाऊण तासात काहीतरी मोठं चाललं होतं. त्या वेळी आपण फोन हातात घेऊन काही बघत नव्हतो असं आठवलं, तर मागे चालणाऱ्या ॲपवर संशय पक्का. स्क्रीनशॉटला दिवसाची वेळ कळत नाही. ती या एसएमएसमधून मिळते.

इथे हमखास एक आक्षेप येतो. एवढी वजाबाकी कशाला, फोनमध्येच डेटा लिमिट आहे, डेटा सेव्हर आहे, ते चालू केलं की झालं. डेटा लिमिट म्हणजे ठरवलेला आकडा गाठला की मोबाइल डेटा बंद. पण चक्र महिन्याचं असल्यामुळे हे लिमिटही महिन्याचंच. 45 जीबीवर लावलं तर आपल्या नमुन्यातला माणूस तिथे कधीच पोहोचणार नाही आणि दुपारची अडचण जशीच्या तशी राहील. 30 वर लावलं तर 23 तारखेच्या सुमारास फोन एकाएकी मुका होईल. भाजीवाल्यासमोर यूपीआय चालणार नाही, आणि पैसे भरलेला कोटा वाया जाईल तो वेगळाच. शिवाय मोजणी फोनची असते, कंपनीची नाही. दोन्हींत थोडा फरक पडतो आणि वाद झाला तर कंपनीचाच आकडा चालतो. डेटा सेव्हर जास्त कामाचा आहे, पण त्याची झेप ओळखून वापरावा. तो मुख्यतः मागे चालणाऱ्या ॲप्सना अडवतो, समोर उघडलेल्या यूट्यूबच्या वाटेला फारसा जात नाही. सगळ्यांना एकदम अडवलं तर व्हॉट्सॲपचे निरोप ॲप उघडल्यावरच येतात, आणि मग लोक वैतागून सगळंच परत चालू करतात. माझ्या मते मागचा डेटा एकेका ॲपचाच बंद करावा, वजाबाकीत सापडलेल्याचाच. ज्याच्यावर निरोप, बँकेच्या सूचना किंवा नकाशा अवलंबून आहे, त्याला हात लावू नये.

खरी मर्यादा लागते ती ॲपच्या आत. फोटोजच्या सेटिंगमध्ये, बॅकअपच्या पानावर, मोबाइल डेटा वापरायचा की नाही हे वेगळं ठरवता येतं आणि रोज किती एमबीपर्यंत हेही सांगता येतं. तिथे मर्यादा दिवसाची आहे, म्हणून ती आपल्या रिचार्जशी जुळते. व्हॉट्सॲपमध्ये मोबाइल डेटावर फोटो, व्हिडिओ, दस्तऐवज यांतलं काय आपोआप उतरवायचं ते निवडता येतं. चाळीस ग्रुपांतले ‘सुप्रभात’ उतरवले नाहीत तर कोणाचं अडत नाही. यूट्यूबचा प्रश्न वेगळा आहे. तिथे व्हिडिओचा दर्जा ‘Auto’वर असतो आणि हे ऑटो आपला खिसा बघत नाही, नेटवर्कचा वेग बघतं. चांगल्या टॉवरजवळ बसलं की ते आपणहून दर्जा वाढवतं. म्हणजे नेट जितकं चांगलं तितका कोटा लवकर संपतो, आणि लोक म्हणतात, ‘इथे तर फुल रेंज आहे, मग डेटा कसा संपला?’ रेंज होती म्हणूनच संपला. ढोबळमानाने 720पी दर्जाचा एक तास एक जीबीच्या आसपास घेतो आणि 480पीचा त्याच्या निम्म्यात भागतो. सहा-साडेसहा इंचांच्या पडद्यावर कीर्तन, बातम्या, रेसिपी 480पीत बघताना काहीही बिघडत नाही. क्रिकेटच्या सामन्यात चेंडू जरा पुसट दिसतो, हे कबूल. मोबाइल नेटवर्कसाठीचा दर्जा यूट्यूबच्या सेटिंगमध्ये कायमचा ठरवून ठेवता येतो, वाय-फायसाठी वेगळा. एवढा एक बदल केला तर नमुन्यातले 15.2 जीबी तितक्याच वेळाच्या बघण्याला सात-आठवर येतात.

रील्सच्या बाबतीत दर्जा कमी करून तितकं हाती लागत नाही, कारण तिथे एक व्हिडिओ चालू असताना पुढचे मागून येऊन थांबलेले असतात. बघितले नाहीत तरी त्यांचा डेटा गेलेला असतो. तिथे वेळेची मर्यादा जास्त चालते. अँड्रॉइडच्या ‘Digital Wellbeing’मध्ये ॲपला रोजची मिनिटं ठरवून देता येतात. हे साधन सवयी सुधारायला काढलेलं आहे, पण त्याची मोजणी रोज मध्यरात्री शून्यावर येते, कोट्यासारखीच. म्हणून डेटाच्या कामाला ते फोनच्या स्वतःच्या डेटा लिमिटपेक्षा जास्त लागू पडतं. उणीव एवढीच की वाय-फायवरची मिनिटंही त्यात धरली जातात.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. जिथे तिथे ‘फक्त वाय-फायवर’ असं सांगता, पण घरी वाय-फाय नाही त्याने काय करायचं? असंख्य घरांत इंटरनेट म्हणजे फोनमधलं सिम, दुसरं काही नाही. अशा फोनवर ‘फक्त वाय-फायवर’ याचा अर्थ ‘कधीच नाही’ असा होतो. ॲप्स जुनी राहतात, मग एके दिवशी बँकेचं ॲप नवी आवृत्ती घेतल्याशिवाय उघडत नाही. बॅकअप होत नाही आणि फोन पाण्यात पडला की नातवाचे तीन वर्षांचे फोटो गेले. हा सल्ला देणाऱ्यांच्या घरी राउटर असतो, म्हणून त्यांना हे सुचत नाही. इथे बुडणारा डेटा कामाला येतो. नमुन्यातल्या माणसाचे महिन्याला पाच जीबी रोज रात्री बाराला थोडे थोडे बुडत होते. रात्री साडेदहाला कंपनीच्या ॲपमध्ये शिल्लक बघायची. अर्धा-पाऊण जीबी असेल तर तेव्हा प्ले स्टोअर हाताने उघडून दोन-चार ॲप्स अद्ययावत करून घ्यायची, किंवा फोटोजला तासभर मोबाइल डेटा द्यायचा. काम तेच, डेटा तेवढाच, फक्त सकाळऐवजी रात्री.

वाय-फायच्या नावाखाली आणखी एक फसगत होते. यादीतला ‘Hotspot & tethering’ हा आकडा या फोनच्या कोणत्याच ॲपचा नाही, या फोनवरून नेट घेणाऱ्या दुसऱ्या यंत्राचा आहे. लॅपटॉपला हॉटस्पॉट म्हणजे सरळ वाय-फाय वाटतं. म्हणून वाय-फायची वाट बघत थांबलेली सगळी कामं, विंडोजची अपडेट्स धरून, तिथे सुटतात. दोन ईमेल पाठवायला चालू केलेला हॉटस्पॉट तासाभरात एक जीबी नेतो आणि फोनच्या यादीत दोष कुठल्याच ॲपवर येत नाही. उपाय लॅपटॉपवर आहे. त्या वाय-फाय जोडणीच्या पानावर ‘Metered connection’ चालू केलं की विंडोज बरीच आवरतं. हे एकदा केलं की त्या हॉटस्पॉटपुरतं लक्षात राहतं.

शेवटचा आक्षेप पैशांचा. एवढी यातायात करण्यापेक्षा दोन जीबीचं रिचार्ज मारावं. काहींच्या बाबतीत हेच बरोबर आहे आणि ते सांगायला लाजू नये. वजाबाकीत रोजच यूट्यूबवरचे मुलांचे क्लास निघत असतील, दर्जा आधीच कमी केलेला असेल आणि तरी सरासरी दीडच्या वर असेल, तर तो कामाचा वापर आहे. मोठं रिचार्ज घ्या. पण नमुन्यासारख्या फोनला दोन जीबी दिले, तर फोटोजचा बॅकअप तेही दुपारपर्यंत संपवू शकतो, कारण त्याला आपण कुठेच थांबवलेलं नाही. आणि ‘माझं 5जी अनलिमिटेड आहे’ म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. फोन 4जी आणि 5जीचा डेटा एकाच आकड्यात मिसळतो. ज्या रिचार्जवर 5जी अमर्याद असतं, तिथेही कोटा 4जीवर मोजला जातो, आणि घराच्या आतल्या खोलीत फोन गुपचूप 4जीवर उतरतो. तेव्हा फोनच्या यादीत नव्वद जीबी दिसले तरी त्यातले कोट्यातून किती गेले, ते फक्त कंपनीच्या ॲपमधली शिल्लक सांगेल. अशा फोनचा स्क्रीनशॉट पाठवायचा तर त्या शिल्लकेचाही पाठवावा.

आणि पाठवताना वरचा भाग कापू नका. सिमचं नाव आणि तारखांची ओळ दिसू द्या. पहिला आज रात्री बाराला पाच मिनिटं असताना घ्या, दुसरा उद्या त्याच वेळी.